सिम्प्लेक्सच्या टेबलमध्ये कॉलम कधी वाचायचा आणि रो कधी

प्रश्न: "ग्राफ काढला की अनबाउंडेड आहे, इनफिजिबल आहे हे लगेच दिसतं, पण सिम्प्लेक्सचं टेबल समोर आलं की नेमकं कुठे बघायचं तेच कळत नाही. चारही केसेसचे नियम पाठ केलेत तरी पेपरात एकमेकांत मिसळतात, अल्टरनेट ऑप्टिमल आणि रिडंडंटमध्ये तर हमखास गोंधळ होतो. कोणी नीट समजावून सांगेल का?"

उत्तर:

नियम मिसळतात कारण ते चार सुटे नियम म्हणून पाठ झालेत. खरं तर टेबल वाचायच्या दोनच पद्धती आहेत, आणि चारही केसेस त्या दोनांत बसतात. मी शिकवताना आधी या दोन पद्धतीच पक्क्या करून घेतो, केसेसची नावं नंतर.

पहिली पद्धत, कॉलम वाचायची. बेसिसबाहेरचा एखादा व्हेरिएबल शून्यावरून वाढवायला लागलो तर बेसिसमधल्या प्रत्येकाचं काय होईल, हे त्याचा कॉलम सांगतो. कॉलममधला आकडा पॉझिटिव्ह असेल तर त्या रोचा बेसिक व्हेरिएबल कमी होतो, निगेटिव्ह असेल तर वाढतो, शून्य असेल तर जागचा हलत नाही. म्हणजे कॉलम ही एक हालचाल आहे, कोपऱ्यावरून एका दिशेनं निघणं. अनबाउंडेड आणि अल्टरनेट ऑप्टिमल हे दोन्ही प्रश्न "इथून निघालो तर कुठे पोचतो आणि Z चं काय होतं" असेच आहेत, म्हणून ते कॉलममध्ये सापडतात.

दुसरी पद्धत, रो वाचायची. रो म्हणजे एक समीकरण, आणि ते फिजिबल रीजनमधल्या प्रत्येक पॉइंटला लागू असतं, नुसत्या आत्ताच्या कोपऱ्याला नाही. सगळे व्हेरिएबल शून्य किंवा त्याहून मोठे असतात हे त्यात घातलं की कधीकधी एकाच रोवरून ठाम काहीतरी सिद्ध होतं. इनफिजिबल आणि रिडंडंट हे दोन्ही "कुठल्याही पॉइंटला हे शक्य आहे का" या जातीचे प्रश्न आहेत, म्हणून ते रोमध्ये सापडतात.

एक गोष्ट आधीच ठरवून घेऊ. मी खाली सगळीकडे मॅक्सिमायझेशन घेतोय आणि Z च्या रोमध्ये Zj − Cj लिहितोय, म्हणजे निगेटिव्ह आकडा असेल तर त्या व्हेरिएबलला आत घेऊन Z वाढतो. तुमच्या पुस्तकात Cj − Zj असेल तर फक्त या शेवटच्या रोची चिन्हं उलटी वाचा, वरचं टेबल तेच राहतं. हे नक्की बघून घ्या, कारण नियम बरोबर आणि चिन्ह उलटं असं फार वेळा होतं.

आता हे उदाहरण बघा. Z = 2x1 + x2 मॅक्सिमाइज करायचं, कन्स्ट्रेंट x1 − x2 ≤ 2 आणि x1 ≤ 4, दोन्ही व्हेरिएबल नॉन-निगेटिव्ह. s1 आणि s2 हे दोन स्लॅक. पहिल्यांदा x1 आत येतो, रेशो 2 आणि 4, म्हणून s1 बाहेर. मग x2 आत येतो, रेशो फक्त दुसऱ्या रोमध्ये निघतो, s2 बाहेर. दोन पिव्होटनंतर टेबल असं दिसतं:

```
      x1   x2   s1   s2 |
x1     1    0    0    1 |  4
x2     0    1   -1    1 |  2
Z      0    0   -1    3 | 10
```

s1 खाली −1 आहे, म्हणजे तो आत घ्यायचा. पण त्याच्या कॉलममध्ये 0 आणि −1, पॉझिटिव्ह एकही नाही, रेशो काढायला काही उरतच नाही. पाठ केलेला नियम इथे "अनबाउंडेड" म्हणून थांबतो, पण तुम्ही थांबू नका, कॉलम पूर्ण वाचा. s1 ला t पर्यंत वाढवलं तर x1 चारवरच राहतो, x2 होतो 2 + t, आणि Z होतो 10 + t. म्हणजे (4, 2 + t) हे सगळे पॉइंट फिजिबल आहेत, t कितीही मोठा घ्या. मूळ कन्स्ट्रेंटमध्ये घालून बघा: x1 − x2 = 2 − t, दोनपेक्षा कमीच, आणि x1 = 4 चालतंच. ही झाली पळून जायची दिशा, आणि ग्राफवर हीच x1 = 4 ही उभी रेष आहे जिच्या कडेनं Z वर वर जात राहतो. पेपरात नुसतं "सोल्यूशन इज अनबाउंडेड" लिहिण्याऐवजी हे दोन ओळीत लिहा, तपासणाऱ्याला शंकाच राहत नाही.

एक छोटी गोष्ट जाता जाता. याच गणिताच्या अगदी पहिल्या टेबलमध्ये x2 चा कॉलम −1 आणि 0 असा होता आणि Z रोमध्ये −1. म्हणजे अनबाउंडेड तेव्हाच दिसत होतं! आपण सर्वात निगेटिव्ह आकडा धरून x1 घेतला म्हणून दोन पिव्होट जास्त झाले. की कॉलम कुठला निवडलाय याला महत्त्व नाही, Z रोमध्ये निगेटिव्ह असलेला कुठलाही कॉलम असा निघाला तर निकाल तिथेच लागतो.

आता याच टेबलशी थोडं खेळू, कारण माझ्या मते इथेच सगळ्यात जास्त कळतं. कन्स्ट्रेंट तेच ठेवा, फक्त Z बदला. Z = 2x1 − x2 घेतला तर वरच्या दोन रो तशाच राहतात (त्यांचा Z शी संबंधच नाही), Z चा रो मात्र s1 खाली +1, s2 खाली +1 आणि उजवीकडे 6 असा होतो. s1 चा कॉलम अजूनही 0 आणि −1 आहे. मग हे अनबाउंडेड आहे का? नाही. (4, 2) हा एकमेव ऑप्टिमल आहे आणि Z = 6. रीजन वर उघडं आहे हे खरं, त्या दिशेनं अनंतापर्यंत जाताही येतं, पण गेलो तर Z घटतो, मग जायचं कशाला. आणि Z = 2x1 घेतला तर s1 खाली येतो 0, म्हणजे त्या दिशेनं गेलो तर Z आठवरच राहतो, आणि (4, 2) पासून वर जाणारी अख्खी रेष ऑप्टिमल होते. अल्टरनेट ऑप्टिमल आहेत पण दुसरं टोकच नाही, दुसरा कोपरा शोधत बसलात तर सापडणार नाही.

म्हणजे तोच कॉलम, तेच रीजन, आणि फक्त Z रोमधल्या एका आकड्याच्या चिन्हावर तीन वेगळे निकाल. पॉझिटिव्ह आकडा नसलेला कॉलम फक्त "रीजन या दिशेला उघडं आहे" एवढंच सांगतो. सोल्यूशन अनबाउंडेड आहे की नाही ते Z चा रो सांगतो. ग्राफवर रीजन उघडं दिसलं की लगेच अनबाउंडेड लिहून टाकणारे पुष्कळ असतात, त्यांची चूक नेमकी इथे होते. मिनिमायझेशनच्या गणितात तर रीजन बहुतेक वेळा उघडंच असतं आणि उत्तर तरी व्यवस्थित येतं.

आता नेहमीचा अल्टरनेट ऑप्टिमल, दोन कोपऱ्यांवाला. Z = 4x1 + 2x2, कन्स्ट्रेंट 2x1 + x2 ≤ 10 आणि x1 + x2 ≤ 6. x1 आत, रेशो 5 आणि 6, s1 बाहेर:

```
      x1   x2    s1   s2 |
x1     1   1/2   1/2   0 |  5
s2     0   1/2  -1/2   1 |  1
Z      0    0     2    0 | 20
```

निगेटिव्ह काही नाही, म्हणजे ऑप्टिमल झालं, (5, 0), Z = 20. आता Z रोमध्ये शून्य कुणाखाली आहेत ते बघा. x1 आणि s2 खाली आहेत पण ते बेसिसमध्ये आहेत, त्यांच्याखाली शून्य असणारच, ते मोजायचे नाहीत. बेसिसबाहेरच्या x2 खाली शून्य आहे, तो महत्त्वाचा. कॉलम वाचा: रेशो 5 ÷ ½ = 10 आणि 1 ÷ ½ = 2, लहान 2, म्हणजे x2 दोनपर्यंत वाढवता येतो, x1 होतो 4, Z वीसच. दुसरा कोपरा (4, 2), आणि दोघांना जोडणाऱ्या रेषेवरचे सगळे पॉइंट ऑप्टिमल. ग्राफवर बघितलं तर Z ची रेष पहिल्या कन्स्ट्रेंटला समांतर आहे आणि ती कड रीजनची खरोखरची कड आहे.

"खरोखरची कड" हे शब्द मुद्दाम वापरले, कारण तुमचा अल्टरनेट आणि रिडंडंटमधला गोंधळ इथूनच येतो असं मला वाटतं. वरच्या गणितात फक्त एक आकडा बदलू, दुसरा कन्स्ट्रेंट x1 + x2 ≤ 5 करू. आता x1 आत येताना रेशो 10 ÷ 2 = 5 आणि 5 ÷ 1 = 5, टाय झाला. टाय झाल्यावर कोणाला बाहेर काढायचं हे आपल्या हातात असतं, तर दोन्ही करून बघू.

आधी s1 बाहेर काढला तर टेबल वरच्यासारखंच येतं, फक्त s2 च्या रोची उजवी बाजू 1 च्या जागी 0. Z रोमध्ये x2 खाली पुन्हा शून्य! पाठ केलेला नियम म्हणेल अल्टरनेट ऑप्टिमल आहे. पण कॉलम वाचा: x2 आत घेतला तर s2 च्या रोचा रेशो 0 ÷ ½ = 0, म्हणजे x2 ला शून्याच्या पुढे जाताच येत नाही. पिव्होट केला तरी पॉइंट (5, 0) च राहतो. नव्या टेबलमध्ये शून्य s2 खाली जातं, तो आत घेतला तरी रेशो पुन्हा 0, आणि आपण परत पहिल्या टेबलवर. दोन वेगळी टेबलं मिळाली पण सोल्यूशन एकच.

आता टायमध्ये s2 बाहेर काढून बघा:

```
      x1   x2   s1   s2 |
x1     1    1    0    1 |  5
s1     0   -1    1   -2 |  0
Z      0    2    0    4 | 20
```

x2 खाली 2, s2 खाली 4, बेसिसबाहेर एकही शून्य नाही. म्हणजे (5, 0) हा एकमेव ऑप्टिमल, वादच नाही. पॉइंट तोच, गणित तेच, एका टेबलमध्ये शून्य दिसतं आणि दुसऱ्यात दिसत नाही. त्यामुळे मी नेहमी सांगतो की बेसिसबाहेर शून्य दिसलं तर तो फक्त इशारा धरा, रेशो काढा, रेशो शून्यापेक्षा मोठा आला तरच (किंवा कॉलममध्ये पॉझिटिव्ह काहीच नसेल तर, मघाच्या उघड्या रेषेसारखं) अल्टरनेट ऑप्टिमल लिहा. रेशो शून्य आला तर कोपरा डिजनरेट आहे, त्या कोपऱ्याची सगळी टेबलं बघितल्याशिवाय हो पण म्हणू नका आणि नाही पण म्हणू नका.

ग्राफवर याचं चित्र काढा, अर्ध्या मिनिटात पटेल. x1 + x2 = 5 ही रेष आणि 2x1 + x2 = 10 ही रेष, दोन्ही (5, 0) मधून जातात, पण तिथून वर जाताना दुसरी रेष रीजनच्या बाहेरून जाते. Z त्या दुसऱ्या रेषेला समांतर आहे, पण त्या रेषेचा रीजनशी संबंध एका पॉइंटपुरता. समांतर आहे एवढ्यावरून अल्टरनेट म्हटलं तर फसलात. आणि 2x1 + x2 ≤ 10 हा कन्स्ट्रेंट काढून टाकला तरी रीजन जसंच्या तसं राहतं, म्हणजे तो रिडंडंट आहे! तुमच्या दोन केसेस एकाच कोपऱ्यावर एकमेकींवर बसल्यात, मग मिसळणारच.

हे रिडंडंट असणं टेबलमध्ये कुठे आहे? शेवटच्या टेबलमधला s1 चा रो वाचा, रो म्हणजे समीकरण. s1 − x2 − 2s2 = 0, म्हणजेच s1 = x2 + 2s2. x2 आणि s2 कधीच निगेटिव्ह नसतात, तर s1 पण कधीच निगेटिव्ह होणार नाही, आपोआप. s1 ≥ 0 ही अट वेगळी घालायची गरजच नाही, आणि s1 ≥ 0 म्हणजेच पहिला कन्स्ट्रेंट. तर खूण अशी: एखादा स्लॅक बेसिसमध्ये आहे, उजवी बाजू शून्य किंवा पॉझिटिव्ह आहे, आणि त्याच्या रोमध्ये बेसिसबाहेरचे सगळे आकडे शून्य किंवा निगेटिव्ह आहेत, तर तो कन्स्ट्रेंट रिडंडंट. उजवी बाजू 0 असेल तर रेष रीजनला स्पर्श करू शकते, पॉझिटिव्ह असेल तर स्पर्शही करत नाही.

पण इथे एक मोठी मर्यादा आहे. ही खूण दिसली तर कन्स्ट्रेंट नक्की रिडंडंट, नाही दिसली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. Z = 3x1 + 2x2 घ्या, कन्स्ट्रेंट पुन्हा 2x1 + x2 ≤ 10 आणि x1 + x2 ≤ 6, आणि दोन नवीन: x2 ≤ 4 (स्लॅक s3) आणि x1 ≤ 7 (स्लॅक s4). ऑप्टिमल (4, 2), Z = 16. त्या टेबलमध्ये या दोघांचे रो असे येतात:

```
s3 + s1 - 2*s2 = 2
s4 - s1 +   s2 = 3
```

दोघांनाही स्लॅक शिल्लक आहे, आणि इथे अनेकजण लिहून टाकतात की दोन्ही रिडंडंट. ग्राफ बघा: x2 ≤ 4 हा कन्स्ट्रेंट वरचा (0, 6) हा कोपरा कापून टाकतो, तो काढला तर रीजन मोठं होतं, तो रिडंडंट अजिबात नाही, फक्त या Z साठी या कोपऱ्यावर बाइंडिंग नाही. उद्या Z मध्ये x2 चा भाव वाढला की तोच आडवा येईल. x1 ≤ 7 मात्र खरंच रिडंडंट आहे, कारण पहिल्या कन्स्ट्रेंटमुळे x1 पाचच्या वर जातच नाही. आणि टेबलमध्ये? दोन्ही रोमध्ये एक एक पॉझिटिव्ह आकडा आहे, s3 च्या रोमध्ये s1 चा आणि s4 च्या रोमध्ये s2 चा. ऑप्टिमल टेबलवरून दोघांतला फरक कळतच नाही.

फरक कळायचा असेल तर त्या कन्स्ट्रेंटलाच प्रश्न विचारावा लागतो: तुझा स्लॅक कमीत कमी किती होऊ शकतो? म्हणजे बाकीचे कन्स्ट्रेंट ठेवून त्याची डावी बाजू मॅक्सिमाइज करायची. x1 मॅक्सिमाइज केला की आपण (5, 0) वर पोचतो, आणि तिथे s4 चा रो होतो s4 − ½x2 − ½s1 = 2. आता बेसिसबाहेरचे सगळे निगेटिव्ह, s4 दोनपेक्षा कधीच कमी नाही, सिद्ध झालं. x2 साठी हेच केलं, x2 ≤ 4 बाजूला ठेवून x2 मॅक्सिमाइज केला, तर तो ६ पर्यंत जातो, चारच्या पुढे, म्हणजे रिडंडंट नाही. दोन व्हेरिएबलच्या गणितात हे ग्राफवर नजरेनं होतं, मोठ्या मॉडेलमध्ये असं छोटं एलपी चालवूनच होतं.

आणि रिडंडंट सापडला म्हणून मॉडेलमधून कायमचा उडवायचा का, तर ते परिस्थितीवर आहे. गणित एकदाच सोडवायचं असेल तर उडवा. पण उजव्या बाजू दर वेळी बदलणार असतील तर मी ठेवतो. वरच्या उदाहरणात 10 चे 16 आणि 6 चे 8 झाले तर x1 आठपर्यंत जाऊ शकतो, आणि तोच निरुपयोगी वाटलेला x1 ≤ 7 आता रीजन कापायला लागतो.

राहिला इनफिजिबल, आणि रो वाचायची सवय लागली असेल तर हा सगळ्यात सोपा. Z = 3x1 + 2x2, कन्स्ट्रेंट x1 + x2 ≤ 4 आणि 2x1 + x2 ≥ 10. दुसऱ्यासाठी सरप्लस s2 आणि आर्टिफिशियल a. टू-फेजनं जाऊ, पहिल्या फेजमध्ये a कमीत कमी करायचा. x1 आत, रेशो 4 आणि 5, s1 बाहेर, आणि a चा रो असा होतो:

```
a - x2 - 2*s1 - s2 = 2
```

पहिली फेज इथेच संपली, a अजून बेसिसमध्ये आणि त्याची किंमत 2. नियम सांगतो इनफिजिबल, आणि का ते रो सांगतो: a = 2 + x2 + 2s1 + s2, उजवीकडे सगळं नॉन-निगेटिव्ह, तर a दोनच्या खाली कधीच येणार नाही, कुठलाही पॉइंट घ्या. मूळ गणितात a शून्यच हवा होता, तो होऊच शकत नाही. बघा, ही तीच खूण आहे जी रिडंडंटला होती, सगळे निगेटिव्ह आणि उजवी बाजू पॉझिटिव्ह. स्लॅक असेल तर "कधीच मोडत नाही", आर्टिफिशियल असेल तर "कधीच पाळला जात नाही". फरक फक्त तो व्हेरिएबल कोण आहे याचा.

त्या 2 या आकड्याकडेही बघत जा. तो सांगतो की कन्स्ट्रेंट किती कमी पडतोय: 10 च्या जागी 8 असतं तर (4, 0) हा एक पॉइंट मिळाला असता. ग्राफवर दोन रीजनमधली फट दिसते, तिचं हे माप, दुसऱ्या कन्स्ट्रेंटच्या युनिटमध्ये. मॉडेल इनफिजिबल आलं की माझं पहिलं काम हेच असतं, a किती उरलाय बघायचं आणि त्याच्या रोमध्ये कोणते स्लॅक आहेत ते बघायचं, कारण ज्यांच्या स्लॅकचे आकडे शून्य नाहीत तेच कन्स्ट्रेंट भांडणात सामील आहेत. इथे s1 आणि s2 दोन्ही आहेत, म्हणजे भांडण या दोघांचंच. बिग-एम वापरलात तरी वाचन हेच, फक्त M पुरेसा मोठा घ्या. लहान M घेतला तर फिजिबल गणितातही a शेवटपर्यंत उरू शकतो आणि तुम्ही उगाच इनफिजिबल लिहाल.

शेवटचा सापळा. पहिली फेज संपली, a बेसिसमध्ये आहे पण त्याची किंमत शून्य आहे. हे इनफिजिबल नाही! बेसिसमध्ये आहे एवढंच बघून लिहू नका. त्याचा रो वाचा. खऱ्या व्हेरिएबलपैकी (म्हणजे आर्टिफिशियल सोडून) कुणाखाली शून्य नसलेला आकडा असेल, निगेटिव्ह असला तरी चालेल, तर तिथे पिव्होट करून a ला बाहेर काढा, उजवी बाजू शून्य असल्यामुळे काही बिघडत नाही. आणि सगळ्या खऱ्या व्हेरिएबलखाली शून्यच असतील तर ते समीकरण 0 = 0 झालंय, ते आधीच्या समीकरणांतूनच निघत होतं. x1 + x2 = 4 आणि 2x1 + 2x2 = 8 दोन्ही घातले की असंच होतं. तो रो खोडा आणि पुढे जा. हेच दुसरं समीकरण 2x1 + 2x2 = 9 असतं तर त्याच रोच्या उजवीकडे 1 उरला असता, आणि 0 = 1 म्हणजे इनफिजिबल. रिडंडंट आणि इनफिजिबल इतके शेजारी आहेत.

पुढे कधी सॉल्व्हर वापरलात तर काही सॉल्व्हर "इनफिजिबल ऑर अनबाउंडेड" असा एकत्र मेसेज देतात आणि विद्यार्थी गांगरतात. ऑब्जेक्टिव्हचे सगळे आकडे शून्य करून तेच मॉडेल पुन्हा चालवा. पॉइंट मिळाला तर रीजन रिकामं नाही, म्हणजे मूळ मॉडेल अनबाउंडेड होतं, आणि मग कुठला वरचा कन्स्ट्रेंट घालायचा राहिलाय ते शोधा. नाही मिळाला तर इनफिजिबल, आणि मग वरच्यासारखं आर्टिफिशियल लावून कोण कोणाशी भांडतंय ते बघा.